मदत हवी आहे: फुल अँड फायनलच्या कागदावर ग्रॅच्युइटी कमी दिसतेय

फुलेवाडीची_सून:
नमस्कार. माझे मिस्टर शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत क्वालिटीला होते. नोकरी 8 वर्षे 7 महिने. बेसिक आणि डीए मिळून 15,600, घरभाडे आणि प्रवासभत्ता धरून 26,000. राजीनामा दिला, पण महिन्याच्या नोटिशीतले 20 दिवसच भरले, कारण नवीन ठिकाणी लगेच हजर व्हायचं होतं.

आता हिशोबाचा कागद हातात आलाय. 20 दिवसांचा पगार बरोबर आहे. शिल्लक 22 रजांचे 11,440 धरलेत. ग्रॅच्युइटी 62,400. नोटिशीचे 10 दिवस कमी म्हणून 8,667 कापलेत. बोनसचा उल्लेखच नाही. "सही करा, मग चेक" असं सांगितलंय. सही करावी का?

कागलकर:
वहिनी, ग्रॅच्युइटी पूर्ण झालेल्या वर्षांवरच मिळते. वरचे सात महिने सोडून द्या, 8 वर्षे बरोबर आहेत. पीएफ मात्र कागदावर दिसत नाही, तो आधी मागून घ्या.

पेरोलवाली_ताई:
कागलकर, सात महिने सोडायचे नाहीत. शेवटच्या वर्षात सहा महिन्यांपेक्षा जास्त काम झालं असेल तर ते पूर्ण वर्ष धरतात. म्हणजे 9 वर्षे. आणि पीएफ या कागदात येतच नाही, तो यूएएनवरून वेगळा काढायचा किंवा नव्या कंपनीत वळवायचा. कंपनीने पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख भरलीय का, एवढं मात्र नक्की बघा. ती भरली नसेल तर पैसे काढताना अडतं.

ताई, तुमच्या कागदात दुसरीही चूक आहे. त्यांनी 15,600 ला 30 ने भागून दिवसाचे 520 काढलेत. ग्रॅच्युइटीसाठी महिना 26 दिवसांचा धरतात, कारण आठवड्याची सुट्टी त्यात मोजत नाहीत. मग दिवसाचे 600 होतात, 15 दिवसांचे 9,000 आणि 9 वर्षांचे 81,000. तुम्हाला 18,600 कमी दाखवलेत.

शाहूपुरी_बॉय:
मी 4 वर्षे 10 महिन्यांनी सोडली, मला एक रुपया दिला नाही. म्हणून सांगतो, हे लोक देतच नाहीत. मिळतंय ते घ्या.

पेरोलवाली_ताई:
भावा, तुझं प्रकरण वेगळं आहे. पाचव्या वर्षात 240 दिवस भरले असतील तर हक्क धरावा असं मद्रास हायकोर्टाने म्हटलंय, पण सगळीकडे तसं मानतात असं नाही. हजेरीचा पुरावा असेल तर वेगळा धागा काढ. इथे पाच वर्षे कधीच झालीत, तिथे वाद नाही.

फुलेवाडीची_सून:
आणि नोटिशीचं? रजेचे पैसे देताना दिवसाला 520 आणि कापताना 867. हा कुठला न्याय?

पेरोलवाली_ताई:
तोच खरा मुद्दा. नेमणूकपत्र काढा आणि नोटिशीचं कलम शब्द न शब्द वाचा. "मूळ वेतन" लिहिलं असेल तर 10 दिवसांचे जास्तीत जास्त 5,200 च कापता येतात. "एकूण वेतन" असेल तर 8,667 मान्य करावे लागतील. काहीही असो, ही कपात पगार आणि रजेच्या पैशातून करावी. ग्रॅच्युइटीला हात लावता येत नाही. मोठं नुकसान किंवा गंभीर गैरवर्तन केलं म्हणून कामावरून काढलं असेल तरच ती रोखता येते. साध्या राजीनाम्यात नाही.

गोकुळशिरगाव_सुपरवायझर:
आमच्याकडे बोनस दिवाळीला हजर असेल त्यालाच देतात. तो विसरा.

पेरोलवाली_ताई:
ती कंपनीची पद्धत झाली, कायदा नव्हे. त्या आर्थिक वर्षात निदान 30 दिवस काम झालं आणि बेसिक-डीए 21,000 च्या आत असेल तर बोनस लागतो, किमान 8.33 टक्के. तो पूर्ण 15,600 वर निघेलच असं नाही, कायद्याने त्या हिशोबाला मर्यादा आहे. आज चेकमध्ये नाही आला तरी चालेल, पण "बोनस नंतर देऊ" असं लेखी घ्या.

फुलेवाडीची_सून:
एचआरचे साहेब म्हणतात, ग्रॅच्युइटी विमा कंपनीकडून येते, तिकडूनच उशीर होतो.

पेरोलवाली_ताई:
विमा त्यांनी त्यांच्या सोयीसाठी काढलाय. 30 दिवसांत द्यायची जबाबदारी कंपनीचीच, पुढे गेलं तर व्याज लागतं. पगाराचे पैसे तर वेतन संहितेप्रमाणे दोन कामकाजी दिवसांत द्यायचे असतात.

कोऱ्या "सर्व हिशोब मिळाला"वर सही नको. रक्कम लिहून "उरलेल्या ग्रॅच्युइटीचा हक्क राखून" असं मिस्टरांच्या हाताने लिहा, मग सही. आधी ईमेलवर 81,000 चा हिशोब पाठवा. उत्तर नाही आलं तर पगाराच्या पावत्या, नेमणूकपत्र आणि राजीनाम्याची पोच घेऊन सहायक कामगार आयुक्त कार्यालयात जा आणि अर्ज नेमका कुठे द्यायचा ते तिथेच विचारा.

कागलकर:
रजेचे पैसे बेसिकवर की पूर्ण पगारावर? आमच्याकडे पूर्ण पगारावर देतात.

पेरोलवाली_ताई:
कंपनीचे रजेचे नियम बघितल्याशिवाय मी सांगणार नाही. ताई, नियमपुस्तिकेतलं ते पान मिळालं तर नाव झाकून इथे टाका.

फुलेवाडीची_सून:
नेमणूकपत्र सापडलं. "एक महिन्याची नोटीस अथवा त्याबदल्यात मूळ वेतन" असं आहे. आज रात्रीच ईमेल करते. रजेचं पान मिळालं की टाकते.