विषय: तीन आठवडे मांजर सांभाळायचंय, घरात बजी, हॅमस्टर आणि मासे आहेत

प्रेषक: प्राची, मिसिसागा

नमस्कार मंडळी,

मैत्रीण भावाच्या लग्नासाठी पुण्याला चालली आहे आणि तिचा बोका, गुंड्या, तीन आठवडे आमच्याकडे राहणार आहे. मी हो म्हणून बसले, आता धाकधूक वाटतेय. हॉलमध्ये स्टँडवर दोन बजींचा पिंजरा आहे. मुलाच्या खोलीत जमिनीवर तारेच्या पिंजऱ्यात हॅमस्टर आहे. जेवणाच्या टेबलाशेजारी गप्पींची टाकी आहे, तिला झाकण नाही. गुंड्या चार वर्षांचा आहे, घराबाहेर कधी गेलेला नाही. पिंजरे पक्के आहेत, तेवढं पुरेल का? कोणी असं घर चालवलंय का?

प्रेषक: अरविंदकाका

प्राची, आमच्या मागच्या अंगणातही शेजाऱ्यांचं मांजर येतं. पक्ष्यांच्या दाण्यांचा खांब मी झुडपांपासून लांब, मोकळ्यात हलवला. मांजराला दबा धरायला जागा राहिली नाही की पक्ष्यांना ते आधीच दिसतं. तुझा खांब कुठे आहे? शिवाय नाटकाच्या तालमीला शनिवारी माझ्या गाडीत एक जागा आहे.

प्रेषक: मकरंद

काका, तिचे पक्षी घरात आहेत हो!

प्राची, एवढं घाबरू नकोस. आमची मनी आणि पोपट सहा वर्षं एका हॉलमध्ये आहेत. पिंजरा छताला हुकाने टांगलाय, खाली टेबल-खुर्ची काही नाही. मनीच्या गळ्यात घुंगरू आहे. पहिल्या आठवड्यात ती पिंजऱ्याकडे गेली की पाण्याचा फवारा मारायचो, आता बघतही नाही. सवयीने सगळं होतं.

प्रेषक: विद्याताई

प्राची, पक्षी आणि छोटे प्राणी बघणाऱ्या दवाखान्यात मी बरीच वर्षं सहायक होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मकरंदचं टांगण्याचं बरोबर आहे, पण हुक छताच्या लाकडी तुळईत बसला पाहिजे, नुसत्या ड्रायवॉलमध्ये नाही. घुंगराचा उपयोग मात्र उडून जाऊ शकणाऱ्या पक्ष्याला. पिंजऱ्यातला बजी घुंगरू ऐकून जाणार कुठे? फवाऱ्याने मांजर एवढंच शिकतं की तू समोर असताना तिकडे जायचं नाही. आणि मनी सहा वर्षं पोपटासोबत राहिली आहे, गुंड्याने पक्षी पाहिलाही नसेल.

पिंजऱ्यामुळे मांजर आत जात नाही, पण पंजा जातो. घाबरलेला बजी मधल्या दांडीवर बसून राहत नाही, तो फडफडत गजांना लटकतो, म्हणजे नेमका पंजाच्या टप्प्यात येतो. आमच्याकडे आलेले बरेचसे पक्षी बंद पिंजऱ्यातलेच असायचे, कोणाचा पाय ओढलेला, कोणाचा पंख. रात्री अंधारात मांजराने पिंजऱ्यावर उडी मारली तर पक्षी आतल्या आत आपटूनही जखमी होतो.

म्हणून भरवसा ठेवायचा तो दारावर. बजींना अशा खोलीत हलव जिचं दार नीट लागतं. गोल मुठीचं असेल तर उत्तम. खाली दाबायची दांडी असेल तर बोका उडी मारून ती उघडू शकतो. आत जाण्याआधी गुंड्या कुठे आहे ते बघ, शक्यतो त्याला दुसऱ्या खोलीत बंद कर. मुलांकडून दार उघडं राहतंच, तेव्हा दारावर मोठी चिठ्ठी लाव.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दात किंवा नख लागलं असेल अशी नुसती शंका आली तरी थांबू नकोस. मांजराच्या लाळेत पाश्चरेला नावाचे जंतू असतात आणि पंजे चाटल्यामुळे ते नखांवरही येतात. बजीचं वजन तीस-चाळीस ग्रॅम. सुईएवढं भोक पिसांखाली दिसतच नाही, रक्तही येत नाही, पक्षी संध्याकाळी दाणे खातो आणि एक-दोन दिवसांत रक्तात जंतू पसरून मरतो. फुगून बसणं, पिंजऱ्याच्या तळाशी येणं, श्वासाबरोबर शेपूट हलणं, ही लक्षणं दिसेपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. भोकं पाडलेल्या खोक्यात मऊ कापड घाल, पक्षी त्यात ठेव, उबेत आणि अंधारात. तोंडात पाणी घालायचं नाही, घरातली माणसांची गोळी तर अजिबात नाही. अँटिबायोटिक त्याच दिवशी सुरू व्हायला हवं, बाकी डॉक्टर ठरवतील. मात्र प्रत्येक दवाखाना पक्षी घेत नाही, तेव्हा बोका यायच्या आधीच फोन करून ठेव.

हॅमस्टर जमिनीवर नकोच. तारेच्या पिंजऱ्याची छोटी दारं मांजराच्या धक्क्याने उघडतात आणि गजांतून नाक-पाय बाहेर येतात. काचेची मोठी टाकी, वर चिमट्यांनी घट्ट बसणारी जाळी आणि खाली न डगमगणारं टेबल घे. जाळी हाताने दाबून बघ. मांजर त्यावर बसणार हे धरूनच चाल. झाकण प्लास्टिकचं बंद नको, आत हवा खेळली पाहिजे. ही टाकीसुद्धा बंद दारामागेच. हॅमस्टर रात्री जागा आणि गुंड्याही रात्री-पहाटे शिकारीच्या मूडमध्ये, म्हणजे तुम्ही झोपलेले असतानाच दोघांची गाठ. गुंड्याला कुरवाळून थेट हॅमस्टर उचलला तर मांजराच्या वासाने तो चावेल, मुलाला हात धुवायला सांग.

प्रेषक: रोहन, ब्रॅम्प्टन

माशांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. मांजर मासा पकडेल याची मला फार काळजी नाही, झाकण बसवलं की झालं. बोका उबेसाठी झाकणावर झोपेल, तेव्हा ते वजन पेलणारं हवं. आमच्याकडे मासे गेले ते पिसवांच्या औषधाने. मांजराला पिसवा झाल्या म्हणून गालिच्यावर स्प्रे मारला, टाकी त्याच खोलीत. एअर पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो हे डोक्यातच आलं नाही. सकाळी गप्पी तळाला. त्या स्प्रेत परमेथ्रिन होतं, माशांना ते फार थोडंही पुरतं. मैत्रिणीला सांग, पिसवांचं जे काही करायचं ते बोका तुझ्याकडे यायच्या आधी तिच्या घरी उरकू दे.

प्रेषक: विद्याताई

रोहन, बरं झालं लिहिलंस. परमेथ्रिन मांजरांसाठीही विष आहे. कुत्र्यांचे मानेवर सोडायचे थेंब मांजराला लावल्यावर झटके येऊन आलेली मांजरं मी पाहिली आहेत. प्राची, गुंड्याला थेंब लावलेले असतील तर त्याच्या मानेला लागलेला हात टाकीत घालू नकोस.

प्रेषक: मकरंद

ताई, दाराचं पटतं. पण तीन आठवडे बजींना कोंडून ठेवायचं? ते माणसांत रमतात, तिकडे गप्प होतील. माझ्या मते दिवसा, कोणी घरात असताना, टांगून हॉलमध्ये ठेवायला हरकत नाही.

प्रेषक: विद्याताई

समोर बसून असशील तर एक वेळ ठीक, पण फोन वाजला की तू उठणार. शिवाय मांजराने तासभर टक लावून बघितलं तरी काही पक्षी खाणं सोडतात, काहींना फरक पडत नाही. तुझा पोपट कदाचित दुसऱ्यांतला.

प्रेषक: प्राची

सगळ्यांचे आभार. ठरवलंय ते असं: बजी ऑफिसच्या खोलीत, तिथे गोल मूठ आहे आणि मी दिवसभर तिथेच कामाला असते. हॅमस्टरच्या चाकाचा रात्रभर आवाज असतो, बजी झोपणार नाहीत, म्हणून तो मुलाच्याच खोलीत. त्या दाराला दांडी आहे, ती बदलून घेते. जुनी काचेची टाकी कोणाकडे पडून असेल तर कळवा. झाकणाची ऑर्डर दिली. पिसवांचं मैत्रिणीला विचारलं, तर म्हणाली "थेंब लावलेत, कुठले ते आठवत नाही." पाकीट शोधायला सांगितलंय.

दोन दवाखान्यांना फोन केले. एक पक्षी घेतच नाही, दुसरा संध्याकाळी सहापर्यंतच. रात्री पक्षी बघणारं कोणी आपल्या बाजूला माहीत आहे का?

अरविंदकाका, शनिवारची जागा मला चालेल.