विमान उडवायला इंजिन पुरत नाही, असं आठवीतली मुलगी म्हणाली तर तिचं चुकलं कुठे?

निवृत्त_मास्तर
वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून गेलो होतो. राईट बंधूंवर बोलताना एका मुलीने पाचपैकी चार मिनिटं 'ताबा, ताबा' एवढंच लावून धरलं. अमेरिकेतल्या लँग्लीचं विमानही ताबा नसल्यानेच नदीत पडलं, असंही म्हणाली. खरं तर हलकं इंजिन मिळालं, पंखांना उचल मिळाली, माणूस उडाला. वळवणं-बिळवणं नंतरचं. मुलांच्या डोक्यात नसतं का भरवता?

चिंचेचं_झाड
मास्तर, ती माझी भाची, म्हणून राहवत नाही.

उचल आणि इंजिन दोन्ही आधीच होतं. इंग्लंडमध्ये हायरम मॅक्झिमने १८९४ साली साडेतीन टनांचं वाफेवरचं यंत्र रुळांवरून पळवलं. ते वर जाऊ नये म्हणून वरून अडवणारे रूळही लावले होते. यंत्राने उचल घेतली, तो रूळ मोडला आणि मॅक्झिमला वाफ बंद करावी लागली. उडालं असतं तर सांभाळणार कसं, याचं उत्तर त्याच्यापाशी नव्हतं. जर्मनीत लिलिएंथालने ग्लायडरवरून दोन हजारांच्या आसपास झेपा घेतल्या. तोल सावरायला त्याच्याकडे काय होतं? लोंबकळणारे स्वतःचे पाय. १८९६ च्या ऑगस्टमध्ये वाऱ्याच्या झोताने नाक वर गेलं, पाय पुढे फेकून ते खाली येईना, आणि माणूस गेला. राईट बंधूंनी कामाला सुरुवात केली ती या मृत्यूपासून.

मोटरमेकॅनिक
गॅरेजमध्ये तीस वर्षं घालवलीत, म्हणून सांगतो. बारा अश्वशक्तीचं इंजिन चार्ली टेलरने त्यांच्या सायकलच्या दुकानात बनवलं नसतं, तर ताबा कशावर ठेवणार होते? पतंगावर? शिवाय भाषणात आहे की लँग्लीचं विमान ताबा नसल्याने नदीत पडलं. साफ चूक. ८ डिसेंबर १९०३ ला ते होडीवरून सुटतानाच मोडलं. ताब्याची पाळीच आली नाही.

चिंचेचं_झाड
लँग्लीचं बरोबर आहे, ते वाक्य मीच घालायला लावलं होतं. पण तुमचाच दाखला पुढे न्या. लँग्लीचं इंजिन बावन्न अश्वशक्तीचं, राईटांच्या चौपटीहून जास्त. जोर हाच निकष असता तर नऊ दिवसांनी किटी हॉकला उडून राईटांचं नाव व्हायलाच नको होतं.

मोटरमेकॅनिक
सांगाडाच मोडला तिथे जोर काय करणार? याने माझं इंजिन खोटं ठरत नाही.

गिरगावकर
सगळे परदेशी. शिवकर बापूजी तळपद्यांचं नाव कोणी घेणार आहे का? १८९५ ला चौपाटीवर विमान उडालं, आठ वर्षं आधी! आमच्या घरात आजोबांपासून हे ऐकत आलोय. भाषण द्यायचं तर त्यांच्यावर द्या.

बोरू
भाषणांबद्दल बोलायचं तर मुलं बोलतच नाहीत, पालक लिहितात. माझ्या मुलाने स्वतः लिहिलेलं भाषण पहिल्या फेरीत बाद झालं आणि क्लासवाल्याकडून लिहून घेतलेलं पहिलं आलं. ती सल अजून आहे.

सायकलस्वार
गिरगावकर, तळपद्यांबद्दल आदर आहे, पण आजोबांची आठवण हा पुरावा नव्हे. त्या वर्षीचं एकही कात्रण मला आजवर कोणी दाखवलेलं नाही. लँग्लीचं वाफेवरचं माणसाविना मॉडेल ६ मे १८९६ ला सुमारे एक किलोमीटर गेलं, तेव्हा टेलिफोनवाला ग्रॅहम बेल तिथे हजर होता आणि त्याने फोटो काढले.

गिरगावकर
गोऱ्याचा फोटो तो पुरावा आणि आमच्या माणसाची आठवण ती भाकडकथा. तळपद्यांच्या कामाची कागदपत्रं कोणी जपली असती तर हे ऐकावं लागलं नसतं. आपल्याच लोकांनी उपेक्षा केली, त्याचा संताप येतो.

सायकलस्वार
माझ्यावर ओरडू नका. कागद मिळाले तर सगळ्यात आधी मी वाचीन. पण तुमचंच सगळं खरं धरलं तरी ते विमान माणसाविना होतं ना? लँग्लीचंही तसंच. मॉडेलचे पंख वर कलते ठेवले की शांत हवेत ते आपोआप तोल धरतं. माणूस बसवला आणि वारा आला की हिशेब बदलतो. मुलीचा मुद्दा नेमका हाच आहे.

गिरगावकर
माणसाविना, हे मान्य. तरी नाव घ्यायला काय जातं?

कामशेतचा_वारा
मी पॅराग्लायडिंग करतो. आम्हीही शरीर कलवूनच वळतो, म्हणजे लिलिएंथाल चुकला नव्हता.

चिंचेचं_झाड
तुम्ही कापडाच्या खाली खोल लटकता आणि हातात ब्रेकच्या दोऱ्या असतात. तो पंखांमध्येच अडकलेला होता. शरीर थोडंच सरकायचं.

मास्तर, तुमचं उत्तर यायचंय, पण भाषणाचा गाभा इथे सांगतोच. डावीकडे वळायचं तर उजवा पंख उचलायला हवा. राईटांनी पंखाची टोकं पिळून उजवीकडचा कोन वाढवला. पंख उचलला गेला, पण वाढलेल्या कोनामुळे तोच पंख हवेत जास्त अडला आणि मागे राहिला. नाक उजवीकडे फिरलं, म्हणजे उलट्या दिशेला! १९०१ साली याने ते हैराण झाले. १९०२ च्या ग्लायडरला मागे दोन उभे पक्के पंख लावले. थोडा फरक पडला. पण ग्लायडर कलून खालच्या बाजूला घसरू लागला की बाजूचा वारा त्या पक्क्या शेपटीला धक्का द्यायचा आणि खालचा पंख वाळूत गरगरत रुतायचा. ते त्याला 'विहीर खणणं' म्हणत.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका रात्री ऑर्विलला झोप येईना. शेपूट हलती केली तर, हे त्याला तेव्हा सुचलं. विल्बरने भर घातली: पोटावर झोपलेला वैमानिक कंबरेखालचा पाळणा सरकवून पंख पिळतो, त्याच पाळण्याला शेपटीच्या तारा जोडू. शेपटीच्या दोन उभ्या पंखांच्या जागी एक हलतं सुकाणू आलं, आणि त्याच महिन्यात त्यांनी सहाशे फुटांहून लांब झेप घेतली. इंजिन तेव्हा नव्हतं.

आणि २३ मार्च १९०३ ला त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. त्यातल्या चित्रात इंजिन नाही, ग्लायडर आहे. आपला शोध नक्की कोणता, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय.

मोटरमेकॅनिक
पेटंटचं ठाऊक नव्हतं. बरं, ताबा आधी आला, एवढं मानतो. तो पुरता आला होता, हे मानत नाही. १७ डिसेंबरला पहिलं उड्डाण बारा सेकंद, १२० फूट. चौथं एकोणसाठ सेकंद, आणि तेही नाक खालीवर होत जमिनीला टेकलं.

सायकलस्वार
हे खरं आहे. पुढचं आडवं सुकाणू फार तडक प्रतिसाद द्यायचं. गोल फेरी जमायला सप्टेंबर १९०४ उजाडलं. पण त्या वर्षी त्यांची कसरत चालली होती ती सांभाळण्याचीच.

निवृत्त_मास्तर
सगळं वाचलं. फ्रान्समध्ये फार्मनने जानेवारी १९०८ मध्ये एक किलोमीटरची फेरी पूर्ण केली, तेव्हा त्याच्या विमानाला पंख कलवायची सोय नव्हती. सुकाणूवर सपाट घसरत वळला. मग ताबा हीच गुरुकिल्ली कशी?

चिंचेचं_झाड
सुकाणू हाही ताबाच, फक्त अर्धा. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ल मांला विल्बर पंख कलवून घट्ट वळला, तेव्हा पाहणारे फ्रेंच वैमानिक थक्क झाले. सपाट घसरणारं यंत्र जोरदार वाऱ्यात कितपत टिकायचं?

निवृत्त_मास्तर
लँग्लीचं वाक्य काढा. गुण कमी दिले होते ते त्या वाक्यामुळे नव्हते, हेही सांगून टाकतो. पाठांतर वाटलं म्हणून दिले.

चिंचेचं_झाड
वाक्य काढलं. ती शेजारी बसून वाचतेय आणि विचारतेय: १९०२ ला पंख आणि शेपूट एका पाळण्याला जोडले, तर १९०५ ला शेपटीचा दांडा पुन्हा वेगळा का केला? मी म्हटलं, वळण तीव्र असेल तेव्हा दोन्ही एकाच प्रमाणात हलवून चालत नसणार. तिचं समाधान झालेलं नाही.