मदत हवी आहे : फौजेतला अनुभव कंपनीवाल्यांच्या भाषेत कसा मांडू?

नमस्कार मंडळी. मी फौजेला रसद पुरवणाऱ्या आर्मी सर्व्हिस कोअरमधून लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झालो, आता हिंगणघाटजवळच्या गावी राहतो. विदर्भातल्या कंपन्यांना गोदाम आणि वाहतुकीबद्दल सल्ला द्यायचा आहे.

बुटीबोरीतल्या एका ओळखीच्या मॅनेजरना एक पानाचा परिचय पाठवला. त्यात ‘बटालियनचा टूआयसी, अॅडव्हान्स विंटर स्टॉकिंग’ असं लिहिलं होतं, म्हणजे बटालियनचा दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी आणि हिवाळ्याआधीची साठवण. त्यांचं उत्तर आलं, "सर, सिक्युरिटीचं काम निघालं की नक्की कळवतो." मनाला लागलं, पण चूक माझीच होती. पदं लिहिली, काम लिहिलंच नाही.

आता असं लिहिलं आहे: ‘लडाखचा रस्ता हिवाळ्यात बर्फाने बंद होतो. त्याआधीच्या उन्हाळी महिन्यांत पूर्ण हिवाळ्याचं धान्य, रॉकेल, डिझेल वर पोहोचवायचं. बंदीच्या तारखेपासून उलटं मोजून रोजच्या गाड्या ठरवायच्या, दरडींसाठी मोकळे दिवस धरायचे, आणि ज्याची मुदत आधी संपते तो माल आधी वाटायचा.’ जिनिंगचा हंगाम किंवा पावसाळ्याआधीचा साठा सांभाळणाऱ्याला हे ओळखीचं वाटावं.

अडचण आकड्यांची आहे. किती टन, कुठली चौकी, किती जवान, हे मी लिहू शकत नाही आणि लिहिणारही नाही. पण कंपनीवाले पहिला प्रश्न विचारतात, "किती पैसे वाचवले?"

खरेदी किंवा स्टोअर्समध्ये असलेल्यांनी सांगावं: आकड्यांशिवाय तुमचा विश्वास कशावर बसेल? पहिल्यांदा तुमच्याच गोदामाची दोन दिवस पाहणी करून लेखी अहवाल दिला तर चालेल का? आणि त्याचे पैसे मागावेत का?