पेसेटा असता तर

> सगळ्यांचं चलन एकच झालं, तर एखाद्या देशाचं नेमकं काय जातं?

व्याजदर आणि विनिमय दर, दोन्ही हातातून जातात. युरो स्वीकारलेल्या स्पेनचंच बघा. 2003 ते 2005 या काळात युरोपीय मध्यवर्ती बँकेचा दर बराच काळ 2 टक्के होता. मरगळलेल्या जर्मनीला तो मानवला, पण स्पेनमध्ये महागाईच 3 टक्क्यांच्या वर होती. म्हणजे कर्ज फुकटाहून स्वस्त! घरबांधणी बेफाम वाढली. मग फुगा फुटला आणि 2007 मध्ये 8 टक्क्यांच्या आसपास असलेली बेरोजगारी 2013 पर्यंत 26 वर गेली. 1992-93 च्या मंदीत आपल्या तेव्हाच्या चलनाचं, पेसेटाचं, तीनदा अवमूल्यन करून स्पेनने निर्यात सावरली होती. या वेळी ती वाट बंद होती. उलट 2011 मध्ये युरोपीय मध्यवर्ती बँकेने दर दोनदा वाढवले. उरला मजुरी कमी करण्याचा मार्ग, आणि माझ्या मते तोच सर्वांत क्रूर.

अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट मंडेल यांनी एकाच चलनासाठी 1961 मध्ये मांडलेली कसोटी इथेच लागते: काम गेलेला माणूस काम असेल तिथे सहज जाऊ शकतो का? सेव्हिलच्या गवंड्याला म्युनिकमध्ये आधी जर्मन शिकावी लागते. शिवाय अमेरिकेतल्या राज्यांना संघीय तिजोरीचा आपोआप मिळतो तसा आधार युरोझोनमध्ये जवळपास नव्हताच.