हंगामी माणसे आणि सॉफ्टवेअरचे भाडे: खाती मोजावीत की वापर?

देवगडचा_बागायतदार

आमची हापूसची बाग आणि पॅकिंगची शेड आहे. कायमची माणसे 6 आहेत. हंगामात मार्चला 10, एप्रिल आणि मे महिन्यांत 18, आणि जूनमध्ये आवराआवरीपुरती 4 माणसे वाढतात. ऑर्डर आणि पेट्यांची नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर घ्यायचे आहे. एक कंपनी खाते उघडलेल्या प्रत्येक माणसाचे दरमहा 400 रुपये मागते, करार वर्षाचा. दुसरी त्या महिन्यात ज्यांनी प्रत्यक्ष वापरले तेवढ्यांचेच पैसे घेते, पण माणशी 600. दुसरी कंपनी स्वतःचे उत्पन्न का कमी करून घेत असेल? यात काही गोम आहे का?

हिशेबनीस

आधी आकडे मांडू. पहिल्या कंपनीचा करार वर्षाचा असल्यामुळे गर्दीच्या महिन्यात लागणारी 24 खाती बारा महिने भरावी लागतील, कारण अशा करारांत एकदा घेतलेली खाती सहसा नूतनीकरणापर्यंत कमी करता येत नाहीत. 24 माणसे, 12 महिने आणि 400 रुपये, म्हणजे वर्षाला 1,15,200 रुपये. दुसरीकडे कायमच्या सहांचे बारा महिन्यांचे 72 आणि हंगामी माणसांचे 50 असे एकूण 122 'माणूस-महिने' होतात. 600 रुपयांप्रमाणे 73,200 रुपये. दर दीडपट असूनही रक्कम बरीच कमी. वापर 192 माणूस-महिन्यांवर गेला तरच दोन्ही समान होतील, आणि तितका वापर व्हायला तुमचा आंबा दिवाळीपर्यंत चालावा लागेल.

उत्पन्न कमी करून घेण्याचा प्रश्नच येत नाही, कारण पहिल्या कंपनीच्या दरात तुमच्यासारखे ग्राहक बहुधा येतच नाहीत. डिसेंबरात रिकाम्या शेडसाठी 18 खात्यांचे भाडे कोण भरेल?

चोखंदळ_ग्राहक

हिशेब बरोबर असला तरी तुलना चुकीच्या गोष्टीशी केली आहे. नोंदलेल्या खात्यांवर पैसे घेणाऱ्या बऱ्याच कंपन्या महिन्याच्या बोलीवरही देतात. दर थोडा चढा असतो. आपण 400 ऐवजी 480 धरू. माणसे जातील तशी हंगामी खाती बंद करायची आणि पुढच्या मार्चला पुन्हा उघडायची. तेच 122 माणूस-महिने 480 रुपयांनी 58,560 रुपयांत बसतात, म्हणजे 'सक्रिय' योजनेपेक्षा साडेचौदा हजारांहून अधिक बचत. मग ते जादा पैसे कशाचे? महिन्यातून एकदा यादी उघडून गेलेल्या माणसांची खाती बंद करण्याचा कंटाळा केल्याचे. कंपनी आपल्यावर उपकार करते असा आव मात्र आणला जातो.

पडद्यामागचा_अभियंता

मी अशाच एका कंपनीत बिलिंगचे काम पाहतो, म्हणून दोन्ही बाजूंना थोडे थोडे टोकतो.

कंपनीच्या बाजूने पाहिले तर निजलेल्या खात्याचा खर्च जवळजवळ नसतो. सर्व्हरवर भार पडतो तो वापरणाऱ्यांचा, आणि मदतीसाठी फोन येतात तेही त्यांचेच. पण याहून मोठे कारण वेगळे आहे. खात्यागणिक पैसे घेतले की ग्राहक खाती उघडण्यातच काटकसर करतो. पाच माणसांत एक लॉगिन वापरले जाते, पासवर्ड भिंतीवर खडूने लिहिलेला असतो, आणि सॉफ्टवेअर कामाच्या जागी न मुरता कार्यालयातल्या दोन माणसांपुरते उरते. अशा ग्राहकाला ते सोडून जाणे सोपे असते. सगळ्यांची खाती आधी उघडा, पैसे वापराचे द्या, असे सांगितले की ते शेडभर पसरते. कार्यालयीन संदेशांचे अॅप देणारी स्लॅकसारखी कंपनी काही काळ न फिरकलेल्या सदस्याचे उरलेल्या मुदतीचे पैसे ग्राहकाच्या नावे जमा करते, त्यामागेही हाच विचार आहे.

आता बागायतदारांनी विचारलेली गोम. 'सक्रिय' कोणाला म्हणायचे हे कंपनी ठरवते आणि सारी मेख त्या व्याख्येत असते. अॅमेझॉनची कॉग्निटो ही लॉगिन सांभाळणारी सेवा घ्या. तिच्या नियमांत कॅलेंडरच्या एका महिन्यात नवी नोंदणी, लॉगिन, पासवर्ड बदलणे, खात्यातील माहिती बदलणे किंवा टोकनचे नूतनीकरण यांपैकी काहीही एकदा झाले की तो वापरकर्ता त्या महिन्यात सक्रिय धरला जातो. यातले टोकन नीट लक्षात घ्या. फोनवरचे अॅप दर वेळी पासवर्ड मागत नाही, कारण ते मागच्या मागे आपला परवाना नवा करून घेत असते. हंगाम संपवून गावी गेलेल्या माणसाच्या फोनवर अॅप तसेच राहिले आणि त्याने पार्श्वभूमीत एकदा जरी परवाना नवा केला, तरी अशा नियमाखाली त्याचा जुलै महिना तुमच्या बिलात येऊ शकतो, आणि त्या माणसाला ते ठाऊकही नसते.

हे ओळखणे अवघड नाही. महिन्याच्या बिलाबरोबर सक्रिय माणसांची नावानिशी यादी आणि प्रत्येकाची शेवटच्या कृतीची तारीख मागा. कृतीच्या रकान्यात पेटीची एकही नोंद नाही आणि तरी नाव यादीत आहे, असे दिसले की कारण बहुधा हेच असते. माणूस निरोप घेतो त्या दिवशी 'सर्व उपकरणांवरून लॉगआउट' करावे. खाते बंद करण्याची गरज नाही. नाव आणि जुन्या नोंदी जागेवर राहतात.

जुना_लायसनवाला

एवढी चर्चा कशासाठी? सक्रिय म्हणजे एका वेळी आत असलेली माणसे. आम्ही पूर्वी पाच लायसन घेत असू, सहावा माणूस आला की त्याला थांबावे लागे. तुमच्या शेडमध्ये एका क्षणी आठ-दहाच जण नोंद करत असतील, म्हणजे दहाचेच पैसे द्या.

पडद्यामागचा_अभियंता

तुम्ही सांगता ती एकाच वेळच्या वापराची पद्धत, आणि ती आजही काही महागड्या अभियांत्रिकी सॉफ्टवेअरमध्ये आढळते. पण येथे ज्या योजनेबद्दल विचारले आहे तिच्यात गर्दी मोजत नाहीत, महिनाभरात निरनिराळी किती माणसे येऊन गेली ते मोजतात. सकाळच्या पाळीचे नऊ आणि संध्याकाळचे नऊ असतील तर तुमच्या पद्धतीत नऊ होतील, या पद्धतीत अठराच होतील. पाळ्यांमध्ये काम चालत असेल तर तुमची पद्धत ग्राहकाला अधिक सोयीची आहे हे मात्र मान्य. ती देणारे विक्रेते विचारून पाहायला हरकत नाही.

पेणचा_मूर्तिकार

आमचाही धंदा हंगामीच. गणपतीच्या आधी रंगकामाला माणसे वाढतात. आमच्याकडे टॅलीची गोल्ड आवृत्ती आहे, तिच्यात एका नेटवर्कवर कितीही जणांनी काम करावे, माणसे मोजतच नाहीत. आणि मला मुळात हे कळत नाही की पेट्या भरणाऱ्या प्रत्येकाला लॉगिन हवे कशाला. आमच्या कारखान्यात एक टॅब आहे, त्यावर मुकादम नोंद करतो, बाकीचे रंग लावतात. सातच खाती घ्या, 400 रुपयांनी वर्षाला 33,600 रुपये. संपला प्रश्न.

देवगडचा_बागायतदार

टॅली हिशेबाला आमच्याकडेही आहे, हे त्याच्या शेजारी हवे आहे. मुकादमाचा उपाय आम्ही करून पाहिला आहे. एका ग्राहकाकडे पाच डझनांची म्हणून गेलेली पेटी चार डझनांची निघाली. नोंद पाहिली तर 'शेड 1' एवढेच. फळांची प्रतवारी कोणी केली, मोजणी कोणी केली आणि चिठ्ठी कोणी चिकटवली, ही तीन निरनिराळी माणसे असतात आणि मुकादम त्या वेळी गाडी भरून घेत असतो. त्यामुळे प्रत्येकाची नोंद प्रत्येकाच्या नावावरच पाहिजे, यात मला तडजोड नको.

चोखंदळ यांचा महिन्याच्या बोलीचा पर्याय मोहात पाडतो. पण आमच्याकडे माणसे एका तारखेला येत-जात नाहीत. कोणी लग्नासाठी आठ दिवस जातो, कोणी सांगून गेला तरी परत येतो.

चोखंदळ_ग्राहक

माणसांचे येणे-जाणे सक्रिय योजनेलाही बाधते, हे विसरू नका. 29 मार्चला चार जण काम शिकायला आले आणि एकदा अॅप उघडून पाहिले, की त्या चौघांचा अख्खा मार्च भरा, म्हणजे 2,400 रुपये. जूनमध्ये कोणी राहिलेल्या मजुरीचा हिशेब पाहायला अॅप उघडले तर अख्खा जून. दिवसाच्या प्रमाणात आकारणी नसेल तर हे 'वापराइतकेच पैसे' नव्हेत. माझ्या पर्यायात निदान खाते कधी उघडायचे ते मी ठरवतो. येथे एका मजुराच्या अंगठ्यावर माझे बिल ठरते.

हिशेबनीस

ते खरे आहे, पण कडेच्या दिवसांचा फटका खात्यांच्या मासिक योजनेतही बसतोच. 29 मार्चला उघडलेल्या खात्याचे पैसे बऱ्याच ठिकाणी पूर्ण महिन्याचे लागतात. काम शिकवण्याचे दिवस 1 एप्रिलपासून ठेवता आले तर दोन्हीकडे वाचतात. शिवाय तुमची साडेचौदा हजारांची बचत प्रत्येक खाते वेळेवर बंद होण्यावर उभी आहे. आंब्याच्या ऐन घाईत ते काम कोण करणार? जूनमध्ये चौघे उरले असताना बाकी चौदा खाती बंद करायची राहून गेली, तर एका महिन्याचे 6,720 रुपये गेले. दोन महिने विसर पडला तर जवळपास सगळीच बचत संपली.

चोखंदळ_ग्राहक

ज्याच्याकडे पेटीतले डझन मोजण्याची शिस्त आहे त्याला महिन्याला एक यादी पाहता येणार नाही, हे मला पटत नाही.

देवगडचा_बागायतदार

दुसऱ्या कंपनीला लेखी विचारले. अॅप उघडले की सक्रिय, पार्श्वभूमीत आपोआप होणारी जुळवणी धरत नाहीत. मात्र सूचनेवर बोट लावले आणि अॅप उघडले तर धरतात. म्हणजे हंगामानंतर सूचना बंद कराव्या लागतील. दिवसाच्या प्रमाणात आकारणी नाही. आणि एक गोष्ट त्यांनी आधी सांगितली नव्हती: दरमहा किमान 10 माणसांचे बिल होईल, मग वापर कितीही कमी असो.

चोखंदळ_ग्राहक

आता पुन्हा मांडा. जुलै ते फेब्रुवारी या आठ महिन्यांत तुमची माणसे सहा आणि बिल दहाचे. दरमहा चार माणसांचे, म्हणजे आठ महिन्यांत 32 माणूस-महिन्यांचे जादा 19,200 रुपये. एकूण 92,400 झाले. न वापरणाऱ्यांचे पैसे घेत नाही असे सांगून नसलेल्या चार माणसांचे पैसे घेतले जात आहेत.

पडद्यामागचा_अभियंता

किमान आकडा असतो, कारण वापरावर बिल करणाऱ्या कंपनीला पुढच्या महिन्यात किती पैसे येतील हे अन्यथा सांगता येत नाही, आणि पगार तर दर महिन्याला द्यावेच लागतात. पण तो महिन्यावारीच असला पाहिजे असा काही नियम नाही. तुमच्या वर्षाची सरासरी 122 भागिले 12, म्हणजे दहाहून किंचित अधिक येते. किमान अट वर्षाला 120 माणूस-महिने अशी लिहून मागा. कंपनीला तेवढीच हमी मिळते आणि तुमचे बिल पुन्हा 73,200 रुपयांवर येते. हंगामी धंद्यांना विकायचे आहे असे ज्यांना खरोखर वाटते, त्या कंपन्या हे कधी कधी मान्य करतात.

चोखंदळ_ग्राहक

आणि अवकाळीने मोहोर गळून एप्रिलला 18 ऐवजी 8 माणसेच लागली, तर? वर्षाचे 112 होतील, तरी 120 चे पैसे भरावे लागतील.

हिशेबनीस

आठ माणूस-महिन्यांचे 4,800 रुपये. त्या वर्षी बागायतदारांना तो खर्च सर्वांत लहान वाटेल.

देवगडचा_बागायतदार

वर्षाच्या किमान आकड्याबद्दल आजच ईमेल पाठवले आहे. त्यांनी नकार दिला, तर महिन्याच्या बोलीवर 480 च्या आसपास देणारी कंपनी शोधणार, आणि खाती बंद करण्याचे काम मजुरीचा शेवटचा हिशेब करणाऱ्या आमच्या वहिनींकडे देणार. पैसे हातात आणि लॉगिन बंद, दोन्ही एकाच वेळी.