मदत हवी आहे: गुरुजींचा मृत्युलेख लिहायचाय, घरच्यांची माहिती आणि कागद जुळत नाहीत

उंबरठा

आमचे प्राथमिक शाळेतले गुरुजी मंगळवारी गेले. पाटण तालुक्यातली डोंगरातली वाडी, तिथल्या तीन पिढ्या त्यांच्या हाताखालून गेल्या. जिल्ह्याच्या एका दैनिकाने रविवारच्या पानासाठी ६०० शब्द मागितले आहेत आणि माजी विद्यार्थ्यांनी ते काम माझ्या गळ्यात घातलं आहे. मी बँकेत नोकरी करतो, लिहिण्याचा अनुभव दिवाळी अंकातल्या दोन लेखांपुरता. दशक्रिया पुढच्या गुरुवारी आहे, मजकूर शुक्रवारी रात्रीपर्यंत द्यायचाय.

काल रक्षाविसर्जनाला गेलो होतो. थोरल्या मुलाने वहीचं दीड पान लिहून दिलं. त्यात जन्म १ जून १९४०. १९५९ साली 'सातारा जिल्हा परिषदेच्या सेवेत रुजू'. लहानपणी पत्री सरकारचे निरोप पोचवायचे. 'राष्ट्रपती पुरस्कारप्राप्त आदर्श शिक्षक'. शेवटी पश्चात पत्नी, दोन मुले, एक मुलगी, सुना, नातवंडे. आता आम्हा सगळ्यांना माहीत आहे की मुली दोन आहेत. धाकटीने परजातीत लग्न केलं, तेव्हापासून येणंजाणं नाही.

पत्री सरकार १९४३ ते ४६. म्हणजे कागदावरच्या वयाने गुरुजी तेव्हा तीन ते सहा वर्षांचे. मी हे कुणाला आणि कसं विचारू? घरात अजून चूल नीट पेटलेली नाही, शेजारचे डबे येतात. आणि वर मी त्यांची उलटतपासणी घेणार?

घाटावरचा

भावपूर्ण श्रद्धांजली. मजकूर असा द्या: 'आमचे तीर्थरूप यांचे वृद्धापकाळाने दुःखद निधन झाले. दशक्रिया विधी अमुक वारी सकाळी अमुक वाजता अमुक ठिकाणी. शोकाकुल समस्त परिवार.' फोटो साधा आणि समोरून काढलेला द्या, छपाईत गॉगलवाला काळाठिक्कर येतो. मजकूर आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचवा.

उंबरठा

धन्यवाद, पण ती जाहिरात घरच्यांनी कधीच दिली. मला लेख लिहायचाय.

कढीपत्ता

जन्मतारखेचा घोळ सोपा आहे. आधार कार्ड बघा आणि तीच तारीख टाका. सरकारी पुरावा आहे, उद्या कुणी विचारलं तर दाखवता येतो.

जुना उपसंपादक

कढीपत्ता, दाखवता येतो हे खरं, पण त्याने सिद्ध काही होत नाही. आधारवर तारीख आली शाळेच्या दाखल्यावरून, आणि दाखल्यावर आली हेडमास्तरांच्या मनातून. जूनमध्ये शाळा सुरू व्हायची, बाप पोराला घेऊन यायचा, जन्म कधीचा ते त्याला सांगता यायचं नाही. मग पोराचा हात डोक्यावरून कानाला पोचतो का ते बघून सहा वर्षं धरायची आणि १ जून लिहून टाकायचं. त्या पिढीतल्या खेड्यातल्या माणसाची १ जून ही तारीख दिसली की मी ती नोकरीची तारीख समजतो, जन्माची नाही.

ती खोडून टाका असं मात्र म्हणत नाही. त्या तारखेवर त्यांची नोकरी आणि पेन्शन झाली. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला नोकर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणजे ५८ व्या वर्षी ३१ मे १९९८. पेन्शनच्या कागदावर हीच तारीख असेल तर हा धागा पक्का. खरं वय मात्र माणसांकडून काढावं लागेल. त्यांच्याहून मोठं कुणी हयात आहे का? बहीण असेल तर उत्तम. 'गुरुजींचा जन्म कधीचा' असं विचारू नका. 'तुमच्या लग्नात ते केवढे होते' असं विचारा. बायकांना लग्नाचं साल नाही आठवलं तरी लग्नात कोण कडेवर होतं ते आठवतं.

आणि वयाचं एक. ८५ पूर्ण झालेला माणूस 'वयाच्या ८६ व्या वर्षी' जातो. घरचे ८५ म्हणतात, बातमीदार 'व्या वर्षी' जोडतो आणि एक वर्ष खाऊन टाकतो. निधनाच्या बातम्यांत मी सर्वांत जास्त दुरुस्त केलेली चूक हीच.

१९५९ साली जिल्हा परिषद नव्हती. ती आली १ मे १९६२ ला. तेव्हा गुरुजी जिल्हा स्कूल बोर्डाचे मास्तर. जिल्ह्याचं नावही तेव्हा उत्तर सातारा होतं, जुनी ऑर्डर सापडली तर त्यावर तसं दिसेल. 'स्कूल बोर्डाच्या शाळेत रुजू झाले' लिहा, वाक्याला आपोआप काळ येतो.

दूरदेशी

माझा अनुभव सांगते. आमचे काका गेले तेव्हा त्यांच्या ऑफिसातल्या एका सज्जन गृहस्थांनी फार प्रेमाने लेख लिहिला, आणि सुरुवातीलाच 'कै.' आणि शेवटी 'कैलासवासी आत्म्यास सद्गती लाभो'. काकांच्या वडिलांनी १९५६ ला नागपूरला दीक्षा घेतलेली. आम्ही 'कालकथित' लिहितो, आमच्याकडे दशक्रिया नसते, पुण्यानुमोदन असतं. काकू काही बोलल्या नाहीत, पण तो अंक घरात ठेवला नाही. एवढ्या चांगल्या लेखातलं बाकी काही कुणाला आठवत नाही. नावाआधी काय लावायचं तेवढं घरी विचारून घ्या.

जुना उपसंपादक

ताई, बरोबर. मी नुसतं नाव लिहितो, आणि पहिल्या वाक्यात 'निधन झाले'. पण घरच्यांचा शब्द असेल तर तो त्यांचा.

उंबरठा, पुरस्काराचं. राष्ट्रपतींच्या हस्ते मिळतो तो राष्ट्रीय पुरस्कार, ५ सप्टेंबरला दिल्लीत. राज्याचा वेगळा, जिल्हा परिषदेचा वेगळा. शिक्षकदिनाला मिळाला की घराघरात तो 'राष्ट्रपती पुरस्कार' होतो. मुलाला खोटं पाडू नका. सांगा, 'भिंतीवरच्या प्रमाणपत्रावरचं वाक्य जसंच्या तसं घ्यायचंय, फोटो पाठवता का?' तो स्वतःच वाचेल.

फोन पाचव्या-सहाव्या दिवशी, दुपारी चारच्या सुमारास. सकाळी विधीची धावपळ, संध्याकाळी भेटायला येणारे. बाईंना करू नका, ज्याच्याकडे कागदांची पिशवी आहे त्याला करा. बहुतेक घरांत ती एखाद्या सुनेकडे असते.

उंबरठा (मंगळवार)

उपसंपादक साहेब, सुनेबद्दल अगदी बरोबर निघालं. पिशवी धाकट्या वहिनींकडे होती. पेन्शनच्या कागदावर ३१ मे १९९८ आहे. प्रमाणपत्राचा फोटो त्यांनीच पाठवला: 'जिल्हा परिषद, सातारा, आदर्श शिक्षक'. खाली स्वतःच लिहिलं, 'भाऊजींना मी सांगते.' शाळेतही गेलो. जनरल रजिस्टरला दाखल जून १९४६, वय सहा.

मग आत्याबाई, गुरुजींची थोरली बहीण. नव्वदी ओलांडलेली, ऐकू कमी येतं, पण मी लग्नाचं विचारलं आणि गाडी सुटली. 'त्याचं नाव उशिरा घातलं, दोन वर्सं गुरं राखली की त्यानं.' म्हणजे दाखल होताना आठ, जन्म १९३८ च्या आसपास. धाकट्या भावाचीही कागदावरची तारीख १ जून, १९४१ ची, आणि दोघांत तीन वर्षांचं अंतर असल्याचं आत्या म्हणतात, तेही कागदावरच्या १९४० शी बसत नाही.

पत्री सरकारचं विचारलं तर हसल्या. रानात भाकरी न्यायचा तो थोरला भाऊ. 'ह्यो मागनं रडत जायचा, मला पन ने म्हनून.' निरोप कुणी पोचवले ते त्यांना ठाऊक नाही.

जुना उपसंपादक

अहो, हे त्या निरोपांपेक्षा कितीतरी चांगलं आहे! आत्याच्या तोंडीच ठेवा: 'थोरला भाऊ भूमिगतांसाठी रानात भाकरी न्यायचा आणि गुरुजी रडत मागे जायचे, असे त्यांच्या बहीण सांगतात.' वयासाठी 'शाळेच्या दाखल्यानुसार जन्म १ जून १९४०, प्रत्यक्षात दोनेक वर्षे आधीचा'. यापुढे जाऊ नका, एका साक्षीवर १९३८ छापायचं नाही.

कढीपत्ता

आधारचं मागे घेतो. पण माझं मत, पूर्ण लेख छापायच्या आधी घरच्यांना दाखवा. त्यांचं माणूस आहे.

जुना उपसंपादक

स्मरणिका असेल तर दाखवा. दैनिकाला देताना मी सगळं दाखवत नाही. पाच जण वाचतात आणि प्रत्येक जण 'प्रेमळ, मनमिळाऊ' घालून एकेक खरी गोष्ट काढतो. फक्त नावं, तारखा, नाती, गावं फोनवर एकेक वाचून दाखवायची आणि 'हो' ऐकायचं. सुनांच्या माहेरची आडनावं, नातवंडांची संख्या, जावयाचं गाव, चुका तिथेच निघतात.

उंबरठा

आता सुराबद्दल. मी सुरुवात केली होती 'त्यांच्या जाण्याने कधीही भरून न निघणारी पोकळी' अशी. खोडली. आता सुरुवात ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेची, कोयनेच्या भूकंपाची. शाळेची भिंत पडली आणि चौथ्या दिवशी गुरुजींनी आंब्याखाली हजेरी घेतली. हे तीन वेगवेगळ्या माणसांनी सांगितलं, एकाने मात्र 'चौथ्या' ऐवजी 'आठव्या दिवशी' म्हटलं, म्हणून 'आठवड्याभरातच' केलं. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला एसटीचं भाडं ते खिशातून द्यायचे, हे मी स्वतः पाहिलंय.

पण निगडीची छडीही पाहिली आहे. माझ्या वर्गातला एक मुलगा त्या छडीमुळे शाळा सोडून गेला. तो आज मुंबईत हमाली करतो. त्याला फोन केला तर म्हणाला, 'लिही बिनधास्त. आणि मी आलो होतो दर्शनाला, तेही लिही.'

दूरदेशी

मी नसतं लिहिलं. दहाव्याच्या आठवड्यात नाही. बायको वाचणार आहे ते.

जुना उपसंपादक

मी लिहिलं असतं, एका वाक्यात, विशेषणाशिवाय. 'छडी कडक होती; तिच्या धाकाने शाळा सोडलेला एक विद्यार्थी अंत्यदर्शनाला आला होता.' नाव नको. दूरदेशी म्हणतात त्यातही तथ्य आहे, यावर आमच्या डेस्कवरही दोन तट पडायचे.

घाटावरचा

आणि दुसऱ्या मुलीचं काय केलंत? मूळ प्रश्न तोच होता ना.

उंबरठा

तिथेच अडलोय. थोरले दादा म्हणाले, 'तिचं नाव आलं तर पेपर घरात येणार नाही.' धाकट्या वहिनी हळूच म्हणाल्या, गुरुजी तिला दर महिन्याला पत्र लिहायचे.

जुना उपसंपादक

कुणाचंच नाव घालू नका. 'पश्चात पत्नी, मुले, मुली, नातवंडे असा परिवार' एवढंच. खोटं काही नाही आणि मोजदादही नाही. 'एक मुलगी' मात्र लिहू नका, तुम्हाला खरं माहीत आहे. पत्रांचं लिहायचं असेल तर ते त्या मुलीला विचारूनच.

उंबरठा

तिचा नंबर वहिनींनी दिलाय. उद्या दुपारी चारला करतो.