'लावलेला द्राक्षबाग' की 'लावलेली द्राक्षबाग'?

छपाई व्यावसायिक, सांगली: जाहिरातीत गिऱ्हाइकाने लिहिले आहे, "चार वर्षांपूर्वी लावलेला द्राक्षबाग विकणे आहे. बागेला ठिबक आहे." मी 'लावलेली' केले, तर ते रागावले. बरोबर काय?

निवृत्त शिक्षिका, वाई: समासाचे लिंग बहुधा शेवटचे पद ठरवते, त्यामुळे 'द्राक्ष' येथे विचारातच घ्यायचे नाही. साखर स्त्रीलिंगी असूनही साखरपुडा 'होतो' आणि हळद स्त्रीलिंगी असूनही हळदीकुंकू 'होते', हे आपण न शिकताच बोलतो. अडचण 'बाग' या शब्दाची आहे. फारसीतून आलेला हा शब्द मराठीत दोन्ही लिंगांत चालतो आणि तोच घोळ द्राक्षबागेत उतरला आहे. मी 'लावलेली' ठेवीन.

बागायतदार, तासगाव: आमच्याकडे बाग 'छाटला' आणि 'फुटला' असेच म्हणतात. बाग ज्याने जोपासला त्याचे बोलणे चूक आणि पुस्तकातले तेवढे बरोबर, हे मला मान्य नाही.

विद्यार्थी, कराड: इतके कशाला? शेवटी 'आ' असेल तर पुल्लिंग, 'ई' असेल तर स्त्रीलिंग.

निवृत्त शिक्षिका, वाई: मग पाणी, दही आणि लोणी कोठे बसवाल? मोती आणि हत्ती तर पुल्लिंगी आहेत. 'आ'चा नियम आंब्याला लागू पडतो, शाळेला नाही, कारण 'सभा', 'भाषा' असे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द बहुतेक स्त्रीलिंगी असतात. प्रत्यय लावला की फरक उघड होतो: आंबा-आंब्याला, शाळा-शाळेला. 'बाग' तर अकारान्त, तेथे शेवटच्या अक्षरावरून काहीच कळत नाही, पण ही प्रत्ययाची कसोटी तेथेही चालते. पुल्लिंगी असेल तर 'बागाला', स्त्रीलिंगी असेल तर 'बागेला'. जाहिरातीत 'लावलेला' आणि 'बागेला' दोन्ही आहेत. खरी चूक ही सरमिसळ आहे.

बागायतदार, तासगाव: हे पटले. आम्ही 'बागात' म्हणतो, 'बागेत' नाही. मग 'लावलेला' आणि 'बागाला' छापा.

गृहिणी, मिरज: आमच्या पत्रिकेत 'साखर पुडा' तोडून छापला होता, अजून वाईट वाटते. जोडूनच लिहायचे ना?

निवृत्त शिक्षिका, वाई: होय, जोडून, पण हा वेगळा प्रश्न आहे, तोडल्याने लिंग बदलत नाही.

विद्यार्थी, कराड: मग इंग्रजी शब्दांचे काय? 'एसटी आली', पण 'एसटी स्टँड आले'.

वार्तांकन करणारा, सातारा: तेथेही शेवटचा शब्दच पाहावा. ट्रॅक्टर 'उलटला', पण ट्रॅक्टर ट्रॉली 'उलटली'. एकट्या शब्दाला बहुधा जवळच्या मराठी शब्दाचे लिंग मिळते, जसे गाडीमुळे बस स्त्रीलिंगी झाली असावी. तरी ट्रक पुल्लिंगीच राहिला, म्हणून यावर फार विसंबू नये. आणि बाई, रात्र स्त्रीलिंगी, मग नवरात्र 'बसले' कसे?

निवृत्त शिक्षिका, वाई: तेथे नऊ रात्रींचा एक समूह अभिप्रेत आहे आणि संख्या आधी आल्यावर संस्कृतात असा शब्द नपुंसकलिंगी होतो, तेच मराठीत आले. मध्यरात्र मात्र 'झाली'च.

छपाई व्यावसायिक, सांगली: गिऱ्हाइकाला फोन केला. ते म्हणतात, 'लावलेला' ठेवा आणि 'बागेला'ही ठेवा.